न्यूटनचा पोहरा

पाण्याने भरलेला पोहरा लांब दोराने आढ्याला टांगावा, तो एकाच दिशेने फिरवीत फिरवीत दोराला चांगला घट्ट पीळ भरावा, पाणी अगदी निवांत झाले म्हणजे पोहऱ्याला उलट दिशेने एक हिसका देऊन सोडून द्यावे आणि मग पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहत उभे राहावे, एवढाच काय तो हा प्रयोग. त्याला यंत्र लागत नाही, की पैसा लागत नाही. असे असून इ. स. १६८७ साली लंडन येथे छापून निघालेल्या ‘प्रिन्सिपिया’ ह्या लॅटिन ग्रंथात आयझॅक न्यूटन ह्याने, गतीचे नियम सांगण्याच्याही अगोदर, व्याख्यांना जोडलेल्या एका टिपणात ह्या प्रयोगाला जागा दिली, आणि तो आपण स्वतः करून पाहिला आहे असे तेथे आवर्जून नमूद केले. त्या टिपणावर गेली तीन शतके जो वाद चालला आहे त्यात लायब्निट्झ, बर्कले, माख आणि आइन्स्टाइन ही माणसे ओढली गेली. पोहऱ्यातले पाणी कडेला चढते आणि मध्ये खचते, ह्या साध्या गोष्टीत एवढे भांडण्यासारखे काय आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पाण्याचेच पाहू. फिरणाऱ्या पाण्याला बाहेर फेकणारी एक शक्ती असते, ती त्याला भिंतीवर चढविते, असे उत्तर बहुतेक शिकलेली माणसे देतात. ते सर्वस्वी चूक नाही. पोहऱ्याबरोबर स्वतःही फिरत असलेल्या मनुष्याला तसेच वाटेल. परंतु जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला खरी अडचण उलटी दिसते. पाण्याचा प्रत्येक थेंब सरळ रेषेत निघून जाऊ पाहतो. त्याला वर्तुळात फिरत ठेवावयाचे तर कोणीतरी त्याला सतत मध्याकडे ढकलीत राहिले पाहिजे. गोफणीतल्या दगडाला हे काम दोरी करते. पोहऱ्याच्या भिंतीला टेकलेल्या पाण्याला ते काम भिंत करील. पण भिंतीपासून चार बोटे आत असलेल्या थेंबाला आत कोण ढकलणार? त्याच्या भोवती पाण्यावाचून दुसरे काहीच नाही. तेव्हा हे काम पाण्यालाच करावे लागते, आणि ते करण्याचा पाण्यापाशी एकच मार्ग आहे. तो म्हणजे बाहेरच्या बाजूस उंच होणे. जेथे पाणी उंच तेथे खालचा दाब अधिक. म्हणून थेंबाच्या बाहेरच्या अंगाला आतल्या अंगापेक्षा जास्त दाब पडतो आणि दोहोंतील फरक त्याला मध्याकडे लोटतो. सुरुवातीला पृष्ठभाग सपाट असतो, असा फरक मुळी नसतोच, म्हणून पाणी बाहेर सरकते. बाहेर सरकले की तेथे साचते. आणि साचता साचता, त्याला वर्तुळात धरून ठेवण्याइतका दाब उत्पन्न झाला म्हणजे सरकणे आपोआप थांबते. कडेचा चढ हा अशा रीतीने पाण्याने स्वतःसाठी बांधलेला बांध होय.

आता हा चढ किती, हे एका ठरावीक पोहऱ्याचे उदाहरण घेऊन काढू. पोहरा सरळ भिंतींचा असून त्याचे तोंड मध्यापासून कडेपर्यंत १५ सेंटिमीटर आहे आणि तो सेकंदाला बरोबर एक फेरा घेतो असे धरू. सगळे पाणी एकाच वेळात फेरा पुरा करते, म्हणून मध्यापासून दुप्पट अंतरावरचा थेंब दुप्पट वेगाने धावतो, आणि हिशेब केला असता त्याला आत वळविण्यास लागणारा जोरही दुप्पट निघतो. जोर दुप्पट हवा म्हणजे पृष्ठभागाचा उतार दुप्पट हवा. आपल्या पोहऱ्यात मध्यापासून ५ सेंटिमीटरवर उतार पाचास एक असा येतो, १० सेंटिमीटरवर पाचास दोन आणि कडेला पाचास तीन. असा समप्रमाणात वाढत जाणारा उतार ज्या वक्ररेषेला असतो तिला गणिती परवलय म्हणतात. मध्यबिंदूपासून मोजलेली उंची ५ सेंटिमीटरवर अर्धा, १० सेंटिमीटरवर दोन आणि भिंतीपाशी साडेचार सेंटिमीटर भरते; म्हणजे अंतरे एक, दोन, तीन तर उंची एक, चार, नऊ. मध्ये पाणी जितके खचते बरोबर तितकेच ते कडेला मूळ पातळीच्या वर चढते, येथे प्रत्येकी सव्वादोन सेंटिमीटर. वेग दुप्पट करावा तर चढ चौपट होतो आणि साडेचारांचे अठरा सेंटिमीटर होतात. मग पोहरा काठोकाठ भरलेला असेल तर पाहणाऱ्याचे धोतर भिजल्यावाचून राहत नाही.

ह्या सर्व हिशेबात पाण्याचे पाणीपण कोठेच आले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. जड द्रवाला वळविण्यास जोर अधिक लागतो खरा, पण उंच झाल्यावर तो दाबही त्याच प्रमाणात अधिक देतो. म्हणून तेल घ्या, दूध घ्या की पारा घ्या, त्याच वेगाला तोच खळगा पडतो. पाऱ्याचा असा खळगा म्हणजे आयताच घडलेला अंतर्गोल आरसा होय, आणि त्याचा उपयोग आपल्या देशात प्रत्यक्ष केलेला आहे. नैनितालजवळ देवस्थळ येथील डोंगरावर २०२२ साली ज्या दुर्बिणीने प्रथम आकाश पाहिले तिचा आरसा चार मीटर रुंदीच्या फिरत्या परातीत पसरलेल्या पाऱ्याच्या पातळ थराचा आहे. ही परात सुमारे आठ सेकंदांत एक फेरा घेते आणि त्या वेगाला पाऱ्याची कड मध्यापेक्षा सुमारे साडेबारा सेंटिमीटर उंच राहते. असा आरसा तिरपा करता येत नाही, त्यामुळे ती दुर्बीण फक्त डोक्यावरचे आकाश पाहते. परंतु घासकाम मात्र मुळीच लागत नाही.

न्यूटनच्या प्रयोगात चढाच्या मापाला महत्त्व नाही, आणि त्याने ते कोठे दिलेलेही नाही. त्याचे लक्ष चढ केव्हा येतो ह्याकडे होते. पोहरा सोडला की तो तत्काळ गरगर फिरू लागतो, परंतु आतले पाणी पहिल्याने स्तब्ध राहते आणि पृष्ठभाग अगदी सपाट असतो. मग हळूहळू भांड्याची गती पाण्यात उतरू लागते, पाणी फिरू लागते, मध्यापासून दूर सरते आणि कडेला चढते. अखेर ते भांड्याच्याच वेगाने फिरू लागते, भांडे आणि पाणी ह्यांच्यात सापेक्ष गती काहीच उरत नाही, आणि नेमका त्याच वेळी खळगा सर्वांत खोल असतो.

ही गती पाण्यात उतरते कशी, हा प्रश्नही किरकोळ नव्हे. भिंतीजवळचा थर शेजारच्या थराला आणि तो पुढच्या थराला ओढीत नेतो असे सामान्यतः समजले जाते. परंतु पाण्याचा चिकटपणा इतका अल्प आहे की केवळ ह्या मार्गाने १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या पोहऱ्याच्या मध्यापर्यंत गती पोहोचावयास तास मोजावे लागतील. प्रत्यक्षात थोड्याच मिनिटांत काम होते, आणि त्याचे श्रेय पोहऱ्याच्या बुडाला आहे. बुडाला चिकटलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा थर प्रथम फिरू लागतो. वरचे पाणी स्तब्ध असल्यामुळे त्याला आत धरून ठेवणारा दाब अजून तयार झालेला नसतो, म्हणून तो बाहेर फेकला जाऊन भिंतीकडे जातो आणि त्याची जागा भरावयास मधले पाणी खाली उतरते. असे सगळे पाणी पाळीपाळीने त्या थरातून जाऊन गती घेऊन येते. वीस सेंटिमीटर खोल पाण्याचा आपला पोहरा घेतला तर वेगातील बरेचसे अंतर दीडएक मिनिटात भरून निघते आणि दोन्ही वेग जुळून यावयास चार-पाच मिनिटे लागतात. न्यूटनने दोर लांब घ्यावयास सांगितला आहे त्याचे मर्म येथे आहे. आखूड दोराचा पीळ पाऊण मिनिटात उलगडून जातो, पोहरा उलट पीळ खाऊ लागतो आणि पाणी बिचारे अर्ध्या वाटेवरच राहते. शिवाय टांगलेला पोहरा झोकांड्या खाऊ लागला की पृष्ठभागावर लाटा उठतात आणि काहीच धड दिसत नाही. ज्यांना प्रयोग नीट पाहावयाचा असेल त्यांनी कुंभाराच्या चाकाच्या मधोमध भांडे ठेवावे, भांड्याच्या काठावर एक खूण करावी आणि पाण्यावर कागदाचे दोन-तीन कपटे सोडावे. कपटे खुणेच्या मागे पडत आहेत तोवर पाणी मागे आहे. ते खुणेबरोबर फिरू लागले म्हणजे न्यूटनची शेवटची अवस्था आली असे समजावे. ताकाच्या डेऱ्यात हे दिसत नाही, कारण तेथे रवी घडीत उजवीकडे आणि घडीत डावीकडे फिरते आणि पाण्याला एका दिशेने स्थिर होऊच देत नाही.

ह्यात न्यूटनला काय सिद्ध करावयाचे होते हे समजण्यास त्याच्यापूर्वीच्या एका ग्रंथाकडे वळले पाहिजे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तत्त्वग्रंथात गतीची व्याख्या अशी केली होती की, एखाद्या वस्तूला लगटून असलेल्या ज्या वस्तू आपण स्थिर समजतो त्यांच्या सान्निध्यातून तिचे दुसरीकडे जाणे म्हणजेच खऱ्या अर्थाने गती. ह्या व्याख्येमागे केवळ तत्त्वज्ञान नव्हते. १६३३ साली रोमच्या धर्मपीठाने गॅलिलिओला शिक्षा दिली तेव्हा, पृथ्वी फिरते असे सांगणारा आपला एक ग्रंथ देकार्तने छापावयाचा थांबविला होता. नव्या व्याख्येने त्याची सोय झाली. पृथ्वी आपल्या भोवतालच्या सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्याबरोबर सूर्याभोवती वाहत जाते. परंतु त्या द्रव्याला सोडून ती हलत नाही, म्हणून ती स्थिरच होय! एका हाताने कोपर्निकसला धरावे आणि दुसऱ्या हाताने धर्मपीठाला, अशी ही युक्ती होती. तिच्यात लबाडीपेक्षा भय अधिक आहे असे आम्हांस वाटते. परंतु भयाने केलेली व्याख्या ही पदार्थविज्ञानाच्या कामी पडेलच असे नाही.

पोहरा ती कामी पडत नाही असे दाखवितो. पाण्याला लगटून असलेली वस्तू म्हणजे पोहऱ्याची भिंत. प्रयोगाच्या प्रारंभी पाणी आणि भिंत ह्यांच्यातील सापेक्ष गती सर्वाधिक असते. देकार्तच्या व्याख्येप्रमाणे तेव्हा पाणी अतिशय वेगाने चाललेले असले पाहिजे, तरी त्याचा पृष्ठभाग सपाट. शेवटी सापेक्ष गती शून्य होते. व्याख्येप्रमाणे पाणी स्तब्ध, तरी खळगा सर्वांत खोल. येथे न्यूटनने न सांगितलेली एक पायरी आपण जोडू शकतो: आता पोहरा एकदम हाताने धरून थांबवावा. पाणी फिरतच राहते, भिंतीच्या मानाने त्याची गती पुन्हा सर्वाधिक होते, आणि खळगा मात्र क्षणभर तसाच राहतो. म्हणजे भिंतीच्या मानाने गती असताना पाणी सपाटही असते आणि खोलगटही असते. गती नसतानाही दोन्ही प्रकार होतात. तेव्हा खळग्याचे कारण भिंतीशी असलेल्या नात्यात नाही, एवढे निर्विवाद ठरले. पाण्याची खरी फिरती गती काही निराळीच आहे, आणि मध्यापासून दूर सरण्याची त्याची धडपड हे तिचे माप आहे.

मूळ टिपणात देकार्तचे नाव कोठेही नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना हा रोख कळेनासा झाला. न्यूटनच्या कागदपत्रांतील एक हस्तलिखित १९६२ साली छापून निघाले. त्यात देकार्तचे नाव घेऊन, त्याच्या व्याख्येतील एकेक विसंगती काढून त्याच्यावर असा कडक हल्ला केलेला आहे की संशयास जागाच उरत नाही. न्यूटनने एका पोहऱ्यावरून निरपेक्ष अवकाश सिद्ध करून दाखविला असे पाठ्यपुस्तकांतून सांगतात. त्याचा तसा निरपेक्ष अवकाशावर विश्वास होता हे खरे. परंतु पोहऱ्याचे काम त्याहून माफक होते. शेजारच्या वस्तूंशी नाते म्हणजेच खरी गती, हे मत पाडणे एवढेच ते काम होते, आणि तेवढे त्याने चोख केले.

लायब्निट्झ ह्याला निरपेक्ष अवकाश मुळीच मान्य नव्हता. १७१५-१६ साली त्याचा आणि न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या सॅम्युएल क्लार्कचा जो पत्रव्यवहार राजकन्या कॅरोलाइन हिच्या मार्फत झाला, त्याच्या पाचव्या पत्रात लायब्निट्झने एवढे कबूल केले की, वस्तूची खरी गती आणि दुसऱ्या वस्तूच्या मानाने तिच्या स्थानात झालेला नुसता फरक ह्यांत भेद आहे. पण पोहऱ्याचे उत्तर त्याने दिले नाही. नोव्हेंबर १७१६ मध्ये तो वारला आणि वाद तेथेच राहिला. पाच वर्षांनी जॉर्ज बर्कले ह्याने गतीविषयीच्या एका लहानशा लॅटिन निबंधात नवी वाट सुचविली. निरपेक्ष अवकाश धुंडाळण्याचे कारण नाही. गती मोजावयास स्थिर ताऱ्यांचे आकाश पुरेसे आहे, असे त्याचे म्हणणे. तारे हे गती मोजण्याची खूण म्हणून सोयीचे आहेत, की तेच खळग्याचे कारण आहेत, हा प्रश्न मात्र त्याने उघडा ठेवला.

तो प्रश्न धीटपणाने विचारला एर्न्स्ट माख ह्याने. तो प्राग येथे पदार्थविज्ञानाचा अध्यापक होता आणि १८८३ साली त्याचा यंत्रशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पोहऱ्याच्या भिंतीच्या मानाने पाणी फिरले तर खळगा पडत नाही, एवढेच न्यूटनने दाखविले. पृथ्वीच्या आणि आकाशातील इतर गोलांच्या मानाने ते फिरते तेव्हा तो पडतो. मग भिंतीचा परिणाम दिसत नाही तो ती फिरत नाही म्हणून नव्हे, तर ताऱ्यांच्या मानाने ती अगदी क्षुल्लक वजनाची आहे म्हणून, असे का नसेल? तीच भिंत जाड करीत करीत अनेक कोस जाडीची केली तर प्रयोगाचा निकाल काय लागेल हे कोणीही सांगू शकत नाही. माखला असा पोहरा करावयाचा नव्हता. ज्याचा अनुभव घेतला नाही त्याविषयी निश्चयाने बोलू नये, एवढेच त्याला म्हणावयाचे होते. परंतु माणसे ती माणसे. इमानुएल फ्रीडलेंडर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने लोखंडाच्या पत्रे लाटण्याच्या कारखान्यातील प्रचंड गतिचक्राच्या आसाच्या रेषेत एक नाजूक पीळतराजू ठेवून, फिरते चक्र तिला हलविते काय हे पाहिले. त्याने आणि त्याच्या भावाने त्याची हकीकत १८९६ साली छापली. कारखान्याच्या थरथराटात निश्चित असे काहीच हाती लागले नाही.

आइन्स्टाइनला माखचा हा विचार इतका मोलाचा वाटला की त्यानेच त्याला माखचे तत्त्व असे नाव दिले. त्याच्या नव्या गुरुत्वसिद्धान्तावरून १९१८ साली व्हिएन्नाच्या हान्स थिरिंगने पोकळ, जड आणि फिरत्या कवचाचा हिशेब केला, आणि कवचाच्या आत ठेवलेल्या वस्तू त्याच्याबरोबर किंचित ओढल्या जातात असे उत्तर आले. म्हणजे माखची शंका अगदीच पोकळ नव्हती. ओढ आहे, प्रश्न तिच्या मापाचा आहे. पुढे जोसेफ लेन्झ ह्याच्याबरोबर त्याने फिरत्या गोलाच्या बाहेरची ओढही काढली, आणि तिची परीक्षा पृथ्वीवरच घेता आली. २००४ साली अमेरिकेने सोडलेल्या एका उपग्रहात स्फटिकाचे चार गोल चेंडू भोवऱ्यासारखे फिरत ठेवले होते. फिरणारी पृथ्वी त्यांचे आस किती ओढते हे मोजावयाचे होते. २०११ साली निकाल बाहेर पडला. एका अंशाचे छत्तीस लाख भाग केले तर त्यातले सुमारे ३७ भाग वर्षाला, असे माप आले. सिद्धान्ताने ३९ सांगितले होते, आणि मोजणीतील संभाव्य चूक सात भागांची होती. ह्या गतीने आस एक अंश वळावयास ९७ हजार वर्षे लागतील.

माखचा जाड पोहराही आता कागदावर करून पाहता येतो. पंधरा किलोमीटर जाडीचा लोखंडाचा गोळा घ्यावा, त्याच्या मध्यभागी पाण्यापुरती लहानशी पोकळी ठेवावी आणि तो सेकंदाला एक फेरा ह्या गतीने फिरवावा. लोखंड तो ताण क्षणभरही सोसणार नाही, हे सोडून देऊ. आतल्या पाण्याचा ‘स्तब्धपणा’ गोळ्याबरोबर फिरू लागेल तो त्याच्या गतीच्या शंभर लाख कोटींश इतका, म्हणजे पुरा एक फेरा व्हावयास तीस लाखांहून अधिक वर्षे लागतील. एवढ्या फेऱ्याने पाणी चढेल ते कोणत्याही मापाने मोजता येणार नाही. राहता राहिला प्रश्न ताऱ्यांचा. सबंध विश्वातील द्रव्य मिळून पाण्याचा स्तब्धपणा पुरतेपणी ठरविते काय? आइन्स्टाइनच्या समीकरणांना ज्यात द्रव्य मुळीच नाही अशी विश्वेही उत्तर म्हणून चालतात, हे डी सिटरने १९१७ सालीच दाखविले होते. त्या विश्वांत पोहरा फिरविला तरी सिद्धान्ताप्रमाणे खळगा पडतोच, आणि तो पाडावयास तेथे एकही तारा नसतो. उत्तरायुष्यात आइन्स्टाइननेही माखच्या तत्त्वाचा आग्रह सोडून दिला.